तीनशे जोडांची रात्र

महाल, नागपूर
३ जून

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की तुझा हिशेब बरोबर असताना मी शाळेची तीनशे जोडांची ऑर्डर एकदम का घेतली नाही, आणि समोर गिऱ्हाईक उभे असल्यामुळे मी तो विषय तेवढ्यावरच थांबवला. तुझ्या आवाजात थोडी नाराजी होती. तुला वाटले असावे की आई घाबरली, किंवा तू केलेल्या आकडेमोडीकडे तिने नीट पाहिले नाही. दोन्ही खरे नाही. त्या रात्री तुझाच हिशेब वहीत उतरवून घेऊन मी पहाटेपर्यंत त्याच्याशी बसले होते. त्या रात्री काय काय झाले ते तुला सविस्तर कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे, कारण उद्या हे दुकान तू पाहशील किंवा न पाहशील, पण हा हिशेब माझ्याबरोबर नुसता वहीत राहू नये असे मला वाटते.

२० मेच्या संध्याकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः दुकानात आल्या. त्यांचा नेहमीचा शिलाईवाला ऐनवेळी मागे फिरला होता. दीडशे मुले, प्रत्येकी दोन जोड, म्हणजे तीनशे शर्ट आणि तीनशे फुल पँट. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे त्यांनी १८ जूनची तारीख दिली. मुलांची मापे निकालाच्या दिवशीच घेऊन ठेवलेली होती. एका जोडीला कापडासकट ८२० रुपये भाव ठरत होता, म्हणजे एकूण २,४६,००० रुपयांचे काम. पाव रक्कम आगाऊ आणि बाकी पालकांकडून पैसे जमा झाल्यावर, जुलैअखेरपर्यंत. उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत हवे होते, कारण मी नाही म्हटले तर त्यांना दुसरीकडे जायचे होते. एवढे मोठे काम आपल्या दुकानात गेल्या पाच वर्षांत आले नव्हते.

त्याच रात्री नऊ वाजता मी तुला फोन केला आणि तू पंधरा मिनिटांत हिशेब करून पाठवलास. थोकाच्या कामात, कापलेला माल हाताशी असेल तर, आपला एक कारागीर दिवसाला सात शर्ट किंवा पाच पँट शिवतो, हे तुला माहीत होते. तीनशे शर्टांना ४३ हजेऱ्या, तीनशे पँटना ६० हजेऱ्या, एकूण १०३. कापड येऊन, भिजवून, वाळवून, कापून होईपर्यंत २६ मे उजाडणार आणि १६ आणि १७ जून हे दिवस इस्त्री आणि बांधाबांधीला ठेवायचे, म्हणजे रविवार सोडून शिलाईचे १८ दिवस. सहा कारागीर, अठरा दिवस, १०८ हजेऱ्या. लागणार १०३, आहेत १०८. तू लिहिले होतेस, "आई, बसते आहे. घेऊन टाक." तुझ्या गणितात एकही चूक नव्हती, आणि खरे सांगते, तो आकडा पाहून मला आनंदच झाला. जेवताना मी तुझ्या बाबांना म्हणालेही की यंदा वरच्या कामाच्या खोलीवरचे पत्रे काढून स्लॅब टाकता येईल.

झोपायला आम्ही गच्चीवर गेलो. खाली कुलरला वाळ्याची नवी ताटी बसवली आहे, पण दिवसभर तापलेल्या भिंती रात्री बारापर्यंत आग ओकत असतात हे तुला ठाऊकच आहे. अंथरुणावर पडल्यावर पहिली आठवण झाली ती पावती पुस्तकाची. तुझ्या १०८ हजेऱ्यांमध्ये सहाही कारागीर अठरा दिवस रिकामे बसले आहेत असे धरलेले होते. मी खाली जाऊन पुस्तक घेऊन आले आणि मोबाइलच्या उजेडात एकेक पावती उलटली. १५ जूनच्या आतल्या तारखा देऊन मी आगाऊ पैसे घेतलेले ६० शर्ट आणि ५१ पँट त्यात होत्या, शिवाय थोडे दुरुस्तीचे काम. घरगुती गिऱ्हाइकाचे काम थोकासारखे पळत नाही. प्रत्येकाचे माप वेगळे, खिसा वेगळा, दोरा बदलावा लागतो, म्हणून एका हजेरीत चारच शर्ट किंवा तीनच पँट होतात. शर्टांच्या १५, पँटच्या १७, दुरुस्तीच्या २, अशा ३४ हजेऱ्या आधीच विकल्या गेलेल्या होत्या. १०८ मधून त्या गेल्या की उरल्या ७४.

ही माणसे कोण आहेत ते तू ओळखतोस. बडकस चौकातल्या त्या आजी, ज्या दरवर्षी दोन्ही नातवांना घेऊन येतात आणि पँटची मोहरी दोन इंच जास्त दुमडून ठेवायला सांगतात म्हणजे वर्षभर उसवून वाढवता येईल. त्यांनी मला एप्रिलमध्येच पैसे दिले आहेत. मोठ्या कामासाठी त्यांना "आठ दिवस थांबा" म्हणायचे, तर त्यांच्या नातवाने शाळेच्या पहिल्या दिवशी काय घालायचे? मी वहीत ७४ लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

मग मन पळवाट शोधू लागले. रोज दोन तास जास्त काम घेतले तर? सहा कारागीर, दोन तास, अठरा दिवस, म्हणजे २१६ तास, म्हणजे आठ तासांच्या २७ हजेऱ्या. ७४ आणि २७ मिळून १०१. फक्त दोन कमी. रात्री साडेबारा वाजता मला तो आकडा इतका जवळचा वाटला की मी जवळजवळ ठरवूनच टाकले होते, आणि वही मिटून आडवीही झाले.

पण ते दोन तास दिवसात कुठे बसणार, हा प्रश्न काही केल्या झोपू देईना. मेअखेरीस ऊन ४५ अंशांच्या आसपास असते. दुपारी एक ते चार वरच्या पत्र्याच्या खोलीत मशीनवर बसता येत नाही. फिकट निळ्या कापडावर घामाचा हात लागला की डाग राहतो, आणि तो इस्त्रीखाली पिवळा पडतो. म्हणून या दिवसांत आपले कारागीर सकाळी आठ ते एक आणि चार ते सात असे बसतात. जास्तीचे तास काढायचे तर ते सात ते नऊ असेच निघणार, म्हणजे माणूस सकाळपासून थकलेला असताना, ट्यूबलाइटखाली.

आणि ट्यूबलाइटखालचे काम म्हटले की मला तू सातवीत असतानाचे ते दोनशे शर्ट आठवतात. तुला तेव्हाचे एवढेच आठवत असेल की आई बरेच दिवस गप्प होती. झाले होते ते असे. एका संस्थेचे आकाशी शर्टांचे काम होते आणि तारीख तोंडावर आली होती. कापडाची तीन थाने होती, तिन्ही एकाच नावाची आणि एकाच नंबरची, पण रंगवलेली वेगवेगळ्या वेळी, म्हणजे लॉट वेगळा. कापताना टेबलावर चोवीस थर घातले की प्रत्येक थराच्या सगळ्या तुकड्यांना, पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, कॉलर, एकच आकडा लिहिलेली चिठ्ठी लावायची असते, म्हणजे सातव्या थराची बाही सातव्याच थराच्या अंगाला लागते. मास्तर ही चिठ्ठी कधी सोडत नाहीत. त्या रात्री साडेदहा वाजता मीच त्यांना म्हणाले होते की रंग एकच आहे, चिठ्ठ्या राहू द्या, एक तास वाचेल. शिवून, इस्त्री होऊन, घड्या घातलेले शर्ट दिव्याखाली अगदी सारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी मुले मैदानावर उन्हात रांगेत उभी राहिली आणि कुणाची एक बाही अंगापेक्षा फिकट, कुणाची कॉलर गडद, असे ३८ शर्ट वेगळे दिसू लागले. ते परत आले. कापड आपले, शिलाई आपली, आणि पुन्हा तीच शिलाई. तेव्हापासून एक गोष्ट मी पाळते, की कापलेल्या पहिल्या थराचे तुकडे बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन एकमेकांशेजारी धरून पाहते. पण खरी चूक रंगाची नव्हती. थकलेल्या वेळी जी पायरी गाळावीशी वाटते, तीच नेमकी गाळायची नसते आणि तीच आम्ही गाळली. म्हणून त्या २७ हजेऱ्या मला वहीत दिसत होत्या तेवढ्या खऱ्या वाटेनात.

त्यात आणखी एक वजाबाकी निघाली. गोंदियाकडचा आपला कारागीर मृग लागला की धानाचे पऱ्हे टाकायला गावी जातो. यंदाही तो ९ जूनला निघणार हे त्याने मार्चमध्येच सांगून ठेवले आहे, आणि त्याला थांबवणे म्हणजे त्याच्या वर्षभराच्या तांदळावर हात ठेवणे. ९ ते १५ जून, मधला रविवार सोडून सहा दिवस. ७४ चे झाले ६८.

एक वाजून गेल्यावर तुझे बाबा पाणी प्यायला उठले. मला जागी पाहून म्हणाले, "अजून तेच?" मी त्यांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "मग दोन कारागीर आणखी ठेव की. मशीन भाड्याने मिळतात." हे तूही सुचवले होतेस, आणि ते चुकीचे नव्हते. दोन माणसे अठरा दिवस म्हणजे ३६ हजेऱ्या. ६८ आणि ३६, १०४. पुन्हा बसले! जूनमध्ये चांगला कारागीर रिकामा सापडत नाही हे खरे, पण समजा सापडला, थोडा जास्त दर देऊन आणला, तर हजेरीचा प्रश्न सुटत होता. मी त्यांना म्हणाले की सकाळी विचारून पाहते, आणि ते झोपले.

यानंतर जे लक्षात आले ते मला संध्याकाळीच दिसायला हवे होते, इतके ते डोळ्यांसमोरचे होते. शर्ट शिवून झाला म्हणजे तयार झाला असे नाही. त्याला काज लागते. अर्ध्या बाहीच्या शर्टाला पुढे सहा आणि कॉलरच्या पट्टीला एक अशी सात काजे असतात. आपल्याकडे काजाचे मशीन नाही. गल्लीच्या टोकाच्या काज-बटणवाल्याकडे शर्ट जातात, आणि त्याच्याकडे मशीन एकच आहे. महालातल्या निम्म्या शिंप्यांचे काम जूनमध्ये त्याच एका मशीनवर चालते. मेच्या सुरुवातीलाच त्याने मला सांगून ठेवले होते की ताई, गणवेशाच्या दिवसांत तुमचे रोज वीस शर्ट, त्याहून जास्त धरू नका, मला बाकीच्यांनाही तोंड द्यायचे आहे.

मी उठून बसले आणि नवा हिशेब मांडला. शिलाई सुरू झाल्यावर पहिले चार दिवस काजाला पाठवण्याइतका माल तयार नसतो. शेवटचे दोन दिवस काजाला देऊन उपयोग नाही, कारण त्यानंतर बटणे लावायची, दोरे कापायचे, तपासायचे. अठरामधून सहा गेले, बारा राहिले. बारा दिवस, रोज वीस, २४० शर्ट. त्यातले ६० आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे. उरले १८०. म्हणजे मी सहा कारागीर बसवले काय, आठ बसवले काय किंवा दहा बसवले काय, १८ जूनला शाळेसाठी काज होऊन तयार असे १८० च शर्ट निघणार होते. बाकीचे १२० शर्ट काजाविना खोलीत गठ्ठ्यांनी पडून राहिले असते, त्यांची मजुरी मी प्रत्येक शनिवारी देऊन बसले असते, आणि खोली भरलेली पाहून आपले काम जोरात चालले आहे असा समज झाला असता. तू हजेऱ्या मोजल्यास, मीही पाच तास हजेऱ्याच मोजत होते, आणि काम अडणार होते ते दुसऱ्याच्या दुकानात.

यावरही तोड काढून पाहिली. हाताने काज करता येते, तुझी आजी करायची तसे. एका काजाला सात मिनिटे धरली तर १२० शर्टांची ८४० काजे म्हणजे जवळपास शंभर तास. हातकाज येणारी आता आपल्याकडे मी एकटीच आहे. दुसरा काजवाला शोधावा तर त्याच्याकडेही हीच गर्दी. स्वतःचे मशीन विकत घ्यावे तर त्याची किंमत या सगळ्या कामाच्या नफ्याहून मोठी, आणि ते चालवणारा माणूस वेगळा.

पैशाचा विचार मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो आधी केला की बाकी काही दिसत नाही. सरासरी एका शर्टाला आणि एका पँटला प्रत्येकी सव्वा मीटरच्या आतबाहेर कापड लागते, ५८ इंच पन्ह्याचे. तीनशे जोडांचे कापड गांधीबागेतल्या भावाने १,१५,००० रुपयांच्या घरात जात होते. बकरम, झिप, बटणे, दोरा यांचे ९,००० वेगळे, आणि कारागिरांची मजुरी ६०,०००. शाळेकडून आगाऊ मिळणार होते ६१,५००. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास माझे अडकणार आणि ते सुटणार जुलैअखेर, तेही पालकांनी वेळेवर भरले तर. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात असा २००६ चा कायदा आहे आणि आपली उद्यम नोंदणीही आहे, पण शनिवारी संध्याकाळी कारागीर समोर उभा राहतो तेव्हा त्याला कायद्याचे कलम देता येत नाही. माझी भिशी ऑगस्टमध्ये लागणार आहे. जूनचे तीन शनिवार मी कशावर काढणार होते, हे मला कुठल्याच रकान्यात सापडेना.

साडेतीनच्या सुमारास मी वही मिटली आणि नकार देण्याचे ठरवले. तुला हे सांगताना मला संकोच वाटत नाही. काम सोडण्याचे दुःख झाले, पण छातीवरचे ओझे उतरल्यासारखेही झाले. त्यानंतर झोप लागायला हवी होती. ती लागली नाही, कारण एक आकडा डोक्यात घोळत राहिला, १८०. तीनशे जमत नव्हते. पण १८० काही थोडे नाहीत.

आणि मग, तुझ्या शाळेची आठवण झाली. तुझा पहिला गणवेश शाळेच्या पहिल्या दिवशी हवा असे आणि दुसरा मी जुलैमध्ये, दुकानातली गर्दी सरल्यावर, सवडीने शिवत असे. दर वर्षी. पहिल्या दिवशी एका मुलाच्या अंगावर दोन गणवेश असत नाहीत. शाळेने तीनशे जोड मागितले होते, पण १८ जूनला शाळेची गरज दीडशेच जोडांची होती. दीडशे शर्टांना २२ हजेऱ्या, दीडशे पँटना ३०, एकूण ५२. माझ्याजवळ ६८. काजाची मर्यादा १८०, लागणार १५०. जास्तीचे तास नकोत, नवा माणूस नको. वर उरणाऱ्या १६ हजेऱ्या मी रिकाम्या धरल्या नाहीत. वीज जाते, कुणाचे मूल आजारी पडते, एखाद्या गठ्ठ्याच्या कॉलरचे बकरम नीट चिकटत नाही आणि पहिल्या धुण्यात फुगे येतील अशी शंका आली तर त्या कॉलरी उसवाव्या लागतात. त्यासाठी त्या होत्या.

उरलेले दीडशे जोड जुलैमध्ये. जुलैमध्ये आपले दुकान कसे असते ते तू पाहिले आहेस. गणवेश संपलेले असतात, लग्नसराई नसते, आणि दोन-तीन कारागिरांना मी अर्धा दिवस बसवून ठेवते, कारण काम नाही म्हणून सोडले तर दिवाळीला ते परत येतील याची खात्री नसते. जूनमध्ये ज्या कामाने आपला श्वास कोंडला असता, तेच काम जुलैमध्ये त्यांच्या घरी पगार नेणार होते.

सकाळी अकरा वाजता मी शाळेत गेले. आधी मुख्याध्यापिकांना माझे म्हणणे पटले नाही. त्या म्हणाल्या की पालकांना आम्ही दोन जोडांचे पैसे सांगितले आहेत, अर्धेच हातात दिले तर लोक बोलतील. मी त्यांना माझी काजांची अडचण सांगितली, पण त्यांना त्यात काय रस असणार? मग मी मापांची यादी पुढे ठेवली. निकालाच्या दिवशी घेतलेले माप, आणि मुले जूनअखेर येणार. दीड-दोन महिन्यांत, त्यातही सहावी ते आठवीची मुले, अंगाने भरतात आणि उंच होतात. त्यातली काही मापे गर्दीत घाईने घेतलेली होती. तेरा वर्षांच्या एका मुलाची कंबर वीस इंच लिहिलेली मी त्यांना दाखवली. दोन्ही जोड एकदम शिवले तर जे बसणार नाहीत ते दोन-दोन बसणार नाहीत. एक जोड आधी दिला, मुलांनी आठ दिवस घातला, आणि कुणाला कुठे तंग होतो ते वर्गशिक्षिकांनी लिहून दिले, तर दुसरा जोड बरोबर मापाचा येईल. यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मागच्या वर्षीचे न बसलेले गणवेश त्यांच्या कपाटात अजून पडून आहेत, हे त्यांनीच नंतर मला उघडून दाखवले.

असे ठरले की पहिले दीडशे जोड १८ जूनला द्यायचे आणि दुसरे २० जुलैला. मी २५ जुलै मागितली होती, त्या १० जुलैवर अडून होत्या. आगाऊ रक्कम मी पहिल्या दीडशे जोडांच्या किमतीच्या निम्मी मागितली. १,२३,००० चे निम्मे म्हणजे ६१,५००, त्या आधी द्यायला तयार होत्या तेवढेच रुपये, त्यामुळे त्यांना त्यात काही वेगळे वाटले नाही. मला मात्र त्या पैशात पहिल्या दीडशे जोडांचे कापड आणि बाकी सामान जवळपास पूर्ण निघाले. पहिल्या खेपेचे राहिलेले पैसे दुसरी खेप उचलण्याआधी चुकते करायचे, हे त्यांनी शाळेच्या कागदावर लिहून सही करून दिले. भाव वाढवून मिळाला नाही. उलट दोनदा पोहोचवण्याचा रिक्षाखर्च माझ्याकडे आला, तो मी धरला आहे.

तिथून तशीच गांधीबागेत गेले. दुसऱ्या खेपेचे कापड जुलैमध्ये घ्यायचे म्हटले तर लॉट बदलणार आणि एकाच मुलाचे दोन शर्ट दोन निळ्यांचे होणार, हे मला ३८ शर्टांनी शिकवलेले आहे. व्यापाऱ्याकडे एकाच लॉटची थाने होती. निम्मी उचलली आणि निम्म्यांवर ५,००० रुपये देऊन ती माझ्या नावाने बाजूला ठेवायला लावली. थानाच्या टोकावरचा लॉट नंबर मी पावतीवर लिहून घेतला आहे, आणि प्रत्येक थानाची वीतभर पट्टी कापून वहीत टाचली आहे, जुलैमध्ये ताडून पाहता यावी म्हणून.

कटिंग २५ मेला झाले, चिठ्ठ्यांसकट. शिलाई ठरल्याप्रमाणे २६ पासून सुरू आहे. काजाला पहिले वीस शर्ट ३० तारखेला गेले. काल सकाळी काजवाल्याचे मशीन अर्धा दिवस बंद होते आणि वीसऐवजी नऊच शर्ट परत आले, त्यामुळे तुला कळेल की ते ३० शर्टांचे अंतर मी का सोडले होते. आजपर्यंत काजावरून ४९ आले आहेत, त्यांतले १५ घरगुती. बडकस चौकातल्या आजींच्या नातवांचे गणवेश काल तयार होऊन गेले.

तुझी परीक्षा १२ तारखेला संपते असे तू म्हणाला होतास. जमल्यास १४ पर्यंत ये. १७ तारखेला दीडशे जोडांवर मुलाचे नाव, इयत्ता आणि तुकडी लिहून गठ्ठे बांधायचे आहेत, आणि तुझे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. येताना काळे पक्के मार्कर चार घेऊन ये. बाबा ठीक आहेत, तुला आशीर्वाद सांगतात.

तुझी,
आई